संग्रहाचं नाव ठरेपर्यंत : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

कविता अठ्ठावन्न. काळ सव्वीस महिने. फाईलचं नाव अजून `kavita_navin_2.docx`. संपादकबाईंचा फोन आला होता, ऑक्टोबरअखेर नाव हवंय. आयएसबीएनच्या अर्जात शीर्षक भरावं लागतं, मुखपृष्ठ त्याच्याशिवाय सुरू होत नाही, आणि एकदा अर्ज गेला की नाव बदलणं म्हणजे सगळ्यांच्याच डोक्याला ताप.

पार्श्वभूमी लिहून ठेवते, नंतर मलाच लागेल. गुलेन बॅरी सिंड्रोम, ज्याला सगळे जीबीएस म्हणतात. पोट बिघडल्याचं निमित्त झालं. त्यानंतर दोन आठवड्यांनी पायांच्या बोटांना मुंग्या आल्या, आणि आठवडाभरात त्या वर चढत चढत छातीपर्यंत पोचल्या. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, असा हा आजार. पाच आठवडे व्हेंटिलेटर, त्यानंतर खाट, खुर्ची, वॉकर, काठी. सगळ्यात आधी सुचलेल्या अकरा कविता मी लिहिलेल्या नाहीत, धाकट्या भावाने लिहून घेतल्यात. त्याबद्दल पुढे.

आजची यादी, जशी सुचली तशी: पुनर्जन्म. उभारी. दिवसाला एक मिलिमीटर. छत. खाट क्रमांक सात. परतीच्या पाऊलखुणा.

९ ऑगस्ट

यादीतली तीन नावं आजच खोडली.

‘पुनर्जन्म’ खोटं आहे. जन्म वगैरे काही झालेला नाही. तेच पाय आहेत, फक्त ते आता उशिरा ऐकतात. शिवाय असं नाव दिलं की पुस्तकाचा शेवट मुखपृष्ठावरच सांगून टाकल्यासारखं होतं. वाचक आत शिरतो तो बाई बऱ्या झाल्या हे गृहीत धरूनच, आणि मग व्हेंटिलेटरवरच्या कवितांमधली भीती त्याला नुसती पायरी वाटते. ‘उभारी’चंही तेच. ‘परतीच्या पाऊलखुणा’ हे नाव मी कुठल्याही पुस्तकाला देऊ शकले असते, आणि तोच त्याचा दोष.

‘खाट क्रमांक सात’ राहू दिलंय. भाऊ म्हणाला, “ताई, खून कोणी केला ते शेवटच्या पानावर आहे का?” म्हणजे तेही गेलंच.

१७ ऑगस्ट

‘दिवसाला एक मिलिमीटर’ या नावाच्या मी प्रेमात आहे, हे आधी कबूल करते.

नसेच्या आत एक धागा असतो आणि त्याच्यावर वेष्टण. जीबीएसमध्ये बऱ्याच जणांचं वेष्टण तेवढं जातं, ते त्या मानाने लवकर भरून येतं. माझ्यात आतला धागाही तुटला होता. तो पुन्हा वाढतो, पण साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात कंबरेपासून पावलापर्यंत अंतर धरलं. नऊशे मिलिमीटर. नऊशे दिवस. अडीच वर्षांचा हिशोब एका श्वासात झाला. त्या रात्री भावाने मोबाईलवर टिपून घेतलेली कविता संग्रहात बाविसावी आहे, आणि चांगली आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक, हे वाक्य डॉक्टरांचं आहे, माझं फक्त गणित. पुस्तकाचं नाव कोणी विचारलं की मला दर वेळी नस, धागा, वेष्टण हे सगळं समजावून सांगावं लागेल. आज शेजारणीवर प्रयोग केला. नाव सांगितलं तर ती म्हणाली, “पावसाबद्दल आहे का?” दुसरी अडचण बारीक आहे, पण मला जास्त टोचते. बाविसावी कविता पुस्तकाची शीर्षककविता झाली की वाचक अनुक्रमणिकेत आधी तीच शोधणार, आणि बाकीच्या सत्तावन्न तिच्या भोवती उभ्या राहणार. तिला एवढं ओझं पेलवेल असं मला वाटत नाही. ती एका हिशोबाची कविता आहे.

२३ ऑगस्ट

एक चाचणी करून बघितली. कोऱ्या कागदावर नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, समोर ठेवायचं, आणि हस्तलिखितातून डोळे मिटून पाच कविता काढायच्या. प्रत्येक कविता मोठ्याने वाचायची आणि बघायचं, की वरचं नाव तिला काय करतं.

‘दिवसाला एक मिलिमीटर’ समोर ठेवलं. पहिल्या तीन कविता तगल्या. चौथी निघाली ती शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची.

ते माझ्याआधी तिथे आले होते. त्यांना काय झालं होतं मला कळलं नाही, माझी मान वळत नव्हती, फक्त आवाज यायचे. एका पहाटे नर्सने त्यांची चादर वर ओढली, चेहऱ्यापर्यंत, आणि पडदा लावला. कविता सात ओळींची आहे. त्यात मी काही म्हणत नाही, फक्त चादर सरकते.

वर ‘दिवसाला एक मिलिमीटर’ असताना ही कविता मला वाचवेना. ज्या माणसाकडे दिवसच उरले नव्हते त्याच्यासमोर मी माझ्या वाढीचा तक्ता धरून बसल्यासारखं झालं. नाव वाईट नाही, पण ते सगळ्या पुस्तकाला प्रगतिपुस्तक बनवतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त कविता अशा दिवसांतल्या आहेत जेव्हा काहीच हललं नव्हतं.

नाव खोडलं. कागद फाडला नाही मात्र, अजून टेबलावर आहे.

२ सप्टेंबर

आता उलट बाजूने. हस्तलिखितात कुठला शब्द किती वेळा येतो ते संगणकावर शोधलं. पाय ६१, रात्र ३८, छत २३, उशी १९, आवाज १७.

‘छत’ बघून मी हुरळले. एका अक्षरी नावासारखं छोटं, आणि खोटं नाही, कारण पाच आठवडे मी दुसरं काही पाहिलंच नाही. पाच कवितांच्या चाचणीत मात्र सपशेल आपटलं. खुर्चीवर बसता आल्यानंतरच्या कवितांत छत येतच नाही. तेवीसच्या तेवीस वेळा पहिल्या वीस कवितांतच. म्हणजे ते एका खोलीचं नाव झालं, पुस्तकाचं नाही.

या मोजणीचा दोष तेव्हाच लक्षात यायला हवा होता. एकेक शब्द मोजला की नामं वर येतात. माणसं एकमेकांशी काय बोलतात ते अशा यादीत सापडत नाही, कारण बोलणं दोन-तीन शब्दांचं असतं आणि ते शब्द सुटे सुटे फार साधे असतात.

११ सप्टेंबर

नाव सापडलेलं नाही. आधी सुचलेल्या त्या अकरा कवितांचा कागद भावाने आज कुठून तरी शोधून आणला. नोंद करण्याजोगा आहे.

घशात नळी असल्याने आवाज नव्हता, हात नव्हते, पापण्या होत्या. भावाने एका पुठ्ठ्यावर वर्णमाला ओळींनी लिहिली: पहिल्या ओळीत स्वर, मग क, च, ट, त आणि प हे वर्ग, सातवीत य र ल व, आठवीत उरलेली. तो ओळींचे आकडे वाचायचा, मी हव्या त्या ओळीला पापणी मिटायची. मग त्या ओळीतली अक्षरं, पुन्हा पापणी. मग तो विचारायचा, “काना? वेलांटी? उकार?” ‘वर’ एवढा शब्द घ्या. व म्हणजे सातवी ओळ, चौथं अक्षर. र म्हणजे सातवी ओळ, दुसरं अक्षर. नुसतं वाचायचंच वीस वेळा. आणि प्रत्येक अक्षरानंतर ‘मात्रा नाही’ हे सांगायला पापणी उघडी धरून ठेवायची.

त्यामुळे त्या अकरा कवितांत जोडाक्षर जवळजवळ नाही. मात्रा महाग होत्या, मी त्या टाळायला शिकले. जड, कळ, सरक, बघ, वर. पहिलीच्या पुस्तकातली भाषा. संपादकबाईंना हा साधेपणा फार आवडला, त्यांना वाटलं शैली आहे. शैली कसली, काटकसर.

‘बिनमात्रा’ असं नाव दहा मिनिटं डोक्यात होतं. हुशारी दाखवणारं नाव आहे. सोडलं.

२१ सप्टेंबर

मुद्रितशोधकांकडून पहिलं वाचन होऊन आलं. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या बऱ्याच, सगळ्या योग्य. तीन ठिकाणी समासात एकच शेरा, लाल पेनाने: “पुनरुक्ती. दोन ठिकाणी बदलावे.”

तिन्ही ठिकाणी ओळ एकच होती. अजून जरा वर.

मला ठाऊकच नव्हतं. शपथेवर सांगते, सव्वीस महिन्यांत तीन वेळा तेच लिहिलंय हे मला एकदाही दिसलं नव्हतं. आधी लाज वाटली. दुरुस्ती करायला बसले, एका ठिकाणी ‘आणखी थोडं’ केलं, आणि कविता मेली. ते परत केलं.

२२ सप्टेंबर

तिन्ही पानं शेजारी शेजारी मांडली.

नववी कविता, तपासणीची. डॉक्टर टाचणी घेऊन पायापासून सुरुवात करतात, संवेदना कुठून सुरू होते ते शोधायला.

टाचणी घोट्याशी.
कळतंय?
नाही.
अजून जरा वर, डॉक्टर म्हणतात.
टाचणी गुडघ्याशी.
अजून मी आलेली नाही.

हे वाक्य डॉक्टर मला म्हणत नाहीत. शिकाऊ डॉक्टरांना म्हणतात, माझ्यावरून.

पंधरावी, उशीची. मी पापणीने ‘वर’ एवढंच सांगते. भाऊ उशी सरकवतो, थांबतो, माझ्या डोळ्यांकडे बघतो आणि विचारतो, अजून जरा वर? इथे प्रश्नचिन्ह आहे. रात्री तीन वाजता.

त्रेचाळिसावी, फिजिओथेरपीची. खांद्यापर्यंत हात उचलायचाय, फिजिओथेरपिस्ट बाई समोर उभ्या, आवाज खणखणीत: अजून जरा वर! त्या मला आकडे मोजून दाखवतात आणि मला त्यांचा राग येतो.

एकच वाक्य, तीन तोंडं. पहिल्यात मी वस्तू आहे, दुसऱ्यात कोणाची तरी बहीण, तिसऱ्यात विद्यार्थिनी. या तिघांतलं एकही बोलणं माझं नाही, आणि तरी पुस्तकात माझं जे काही झालं ते या तीन बोलण्यांच्या मध्ये झालंय.

मग चाचणी. पाच कविता काढल्या नाहीत, सरळ आजोबांची कविता उघडली. वर नाव: अजून जरा वर. खाली नर्सचा हात आणि चादर. त्या कवितेत हे शब्द कुठेच नाहीत, पण चादर वरच जाते. मी पुढच्या कवितेकडे गेलेच नाही, थोडा वेळ तशीच बसले.

भावाला फोन केला. त्याला ती रात्र आठवत नव्हती. “ताई, तू दर रात्री उशी हलवायला लावायचीस, मी कुठली लक्षात ठेवू?”

२९ सप्टेंबर

संपादकबाईंना नाव सांगितलं. त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं, एकदा समारंभात निवेदक म्हणेल तसं आणि एकदा दुकानात गिऱ्हाईक मागेल तसं. दोन्हीकडे चाललं. आजारपणाचा उल्लेख नाही याचा त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, “नावात आजार असला की लोक कवितेबद्दल बोलायचं सोडून तब्येतीची चौकशी करतात.”

पण एक हरकत घेतली, आणि ती खरी होती. “हे फार आशावादी वाटत नाही का? वर, अजून वर. तुम्ही पुनर्जन्म खोडलात तो याच कारणासाठी ना?”

मी त्यांना आजाराची दिशा सांगितली. बधिरपणा पायातून वर चढला. ‘वर’ म्हणजे आजार वाढणं. टाचणी जितकी वर जाईल तितकी मी कमी. आणि बरं होणं वरून खाली येतं. आधी श्वास, मग खांदे, हात, मांड्या, आणि पाऊल सगळ्यात शेवटी, कारण त्याची नस सगळ्यात लांब. माझ्या उजव्या पायाची बोटं आजही नीट कळत नाहीत. म्हणजे नाव ज्या दिशेला बोट दाखवतं तिकडे या शरीरात चांगलं काही नव्हतं.

त्या म्हणाल्या, “मग हे वाचकाला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे. नवव्या कवितेपर्यंत तो जिना चढत बसेल.”

बरोबर होतं. टाचणीची कविता नवव्यावरून पहिल्यावर आली. काळाच्या क्रमाने ती चौथ्या दिवसाची आहे, आधीच्या आठांपैकी तीन मुंग्यांच्या कविता तिच्या नंतर गेल्या. ते खटकतंय का म्हणून दोनदा वाचलं. नाही खटकत. मुंग्या आता आठवण म्हणून येतात, आणि ते जास्त बरं आहे.

त्या आठांतल्या बाकीच्या पाच कविता काढून टाकल्या. त्या फक्त घटनाक्रम सांगायला होत्या. आशेने भरलेल्या शेवटच्या दोन होत्या, त्याही गेल्या. आता एकावन्न.

शीर्षककविता कुठलीच नाही, हा आणखी एक फायदा. पंधरावीचं नाव ‘रात्री तीन’ आहे, त्रेचाळिसावीचं ‘खांदा’. अनुक्रमणिकेत शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. आता पुस्तक वाचल्याशिवाय इलाज नाही.

६ ऑक्टोबर

विरामचिन्हाचा घोळ. तिन्ही ठिकाणी चिन्ह वेगळं आहे, मग नावात कुठलं? मला प्रश्नचिन्ह हवं होतं, भावाचं म्हणून. संपादकबाई म्हणाल्या, प्रश्नचिन्ह घातलंत की डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट पुस्तकाबाहेर गेले. काढलं.

पुस्तकाच्या कण्याचंही आज ठरलं. सोळा पानांचा एक फर्मा, असे सहा, म्हणजे शहाण्णव पानं, अठ्ठेचाळीस कागद. नेहमीच्या कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे कणा जेमतेम पाच मिलिमीटरचा. एवढ्या जागेत देवनागरी बसवणं अवघड, कारण वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, दोन्हींसाठी जागा सोडली की मधलं अक्षर मुंगीएवढं होतं. ‘पुनर्जन्म’ला वर रफार आणि खाली उकार. ‘दिवसाला एक मिलिमीटर’मध्ये चार वेलांट्या.

‘अजून जरा वर’ लिहून बघितलं. एक ऊकार खाली, बस. शिरोरेषेच्या वर काहीही नाही. पुठ्ठ्यावरची काटकसर अजून कामाला येते आहे, हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “पण ‘जरा’मध्ये काना आहे, तो मी फुकट दिलेला.”

१४ ऑक्टोबर

मुखपृष्ठाचा पहिला नमुना आला. जिना. वरच्या टोकाला दार, दारातून उजेड.

चित्रकाराचा दोष नाही, त्यांना नाव पाठवलं आणि कविता पाठवायच्या राहिल्या. भावाच्या एका मित्रानेही नाव ऐकून विचारलं होतं की गिर्यारोहणावरचं पुस्तक आहे का. म्हणजे हे नाव एकटं सोडलं की चुकीच्या बाजूला पळतं. हा त्याचा खरा दोष आहे, आणि तो नाव बदलून जाणार नाही, कारण त्याच घसरणीवर मी पुस्तक उभं केलंय. मुखपृष्ठाने मात्र तिला हातभार लावता कामा नये.

खाली ‘आजारपणातल्या कविता’ असं उपशीर्षक टाकायचं का, यावर तासभर बोलणं झालं. टाकलं तर गिर्यारोहक निघून जातात, पण तब्येतीची चौकशी करणारे आत येतात. शेवटी मलपृष्ठावर टाचणीच्या त्या सहा ओळी छापायच्या, एवढंच ठरलं. उपशीर्षक नाही.

चित्रकारांना पहिल्या पाच कविता पाठवल्या.

२६ ऑक्टोबर

दुसरा नमुना. फिकट राखाडी पान. नाव मुखपृष्ठाच्या खालच्या तिसऱ्या भागात, आणि त्याची शिरोरेषा दोन्ही बाजूंनी ताणून पानाच्या कडेपर्यंत नेलेली. रेषेच्या वर पूर्ण मोकळं. मला ती चादरीची कड दिसते. संपादकबाईंना पाण्याची पातळी दिसली. भावाला खाटेचा कठडा. चित्रकारांना काय दिसतं ते विचारलं नाही.

अर्ज भरला. शीर्षकाच्या चौकटीत टंकताना उजव्या हाताच्या तर्जनीने सगळी अक्षरं मारली, बाकीची बोटं अजून आळशी आहेत.

५ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात तपासणी होती. टाचणी आता वरून खाली येते. घोट्यापर्यंत कळलं. डॉक्टर म्हणाले, “अजून जरा खाली,” आणि मी तिथल्या तिथे, टेबलावर आडवी असतानाच, कविता लिहायला लागले.

दोन दिवसांत पूर्ण झाली. चांगली आहे. संपादकबाईंना पाठवायच्या आधी एकावन्न कवितांच्या शेवटी ठेवून बघितली आणि नाव लगेच कोड्यासारखं सुटलं. वर होतं, खाली आलं, हिशोब पूर्ण. टाचणी, उशी, खांदा, चादर, सगळं त्या एका उत्तराची तयारी होऊन बसलं.

वेगळ्या फाईलमध्ये ठेवली आहे. संग्रहात एकावन्नच. शेवटची कविता आता काठीची, जिच्यात वर-खाली काहीच होत नाही, मी दारापाशी उभी आहे आणि रबरी टोपण कुठे पडलं ते शोधते आहे.